वाचकाच्या हाती पात्र, तुमच्या हाती गाव: संवादी गोष्ट कशी चालवावी

संवादी गोष्टीत निवेदक प्रसंग सांगतो आणि थांबतो. वाचक त्या गोष्टीतलं एक पात्र असतो. आपण काय करतो ते तो स्वतःच्या शब्दांत लिहितो, त्यातून पुढे काय घडलं ते निवेदक सांगतो, आणि पुन्हा थांबतो. पर्याय अ, पर्याय ब असं काही नसतं. वाचक दार उघडेल, खिडकीतून उडी मारेल, नाहीतर शेजारणीकडे जाऊन रडत बसेल. निवेदकाला या सगळ्याला उत्तर देता आलं पाहिजे.

आमच्या सिंधुदुर्गात हे कौशल्य नवीन नाही. दशावतारातल्या नटाच्या हातात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान कोणतं ते ठरतं, कोण कुठलं सोंग घेणार ते ठरतं, आणि रंगमंचावर समोरचा जे बोलेल त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं असतं. फरक एकच: आख्यानाचा शेवट ठरलेला असतो, आपल्या गोष्टीचा नसतो. नवीन निवेदकाची बहुतेक फजिती या एका फरकामुळे होते, म्हणून या लेखाचा भर त्यावरच आहे.

मी हे एका निवेदकासाठी आणि एका वाचकासाठी लिहितो आहे. फोनवर संदेश पाठवून गोष्ट चालवा किंवा संध्याकाळी ओटीवर समोरासमोर बसून, पद्धत तीच.

लागणारं साहित्य

एक वही, दोन साधे सहा बाजूंचे फासे, तिथी दाखवणारी भिंतीवरची दिनदर्शिका आणि गोष्टीतल्या जागेचा हाताने काढलेला नकाशा. नकाशा सुबक नसला तरी चालेल. घर, देऊळ, जेटी, खाडी, पलीकडचा काठ आणि एकीकडून दुसरीकडे जायला किती वेळ लागतो, एवढं त्यावर हवं. वाचक कुठूनही कुठेही जाऊ शकतो, त्यामुळे अंतरं आधी ठरलेली नसली की निवेदक दोन वेळा दोन वेगळी उत्तरं देतो.

१. भूमिका, निकड आणि नको असलेल्या गोष्टी आधी ठरवा

"तू कोकणातल्या एका गावात आली आहेस, आता काय करशील?" अशी सुरुवात केली तर वाचक गोंधळतो. पूर्ण मोकळीक मिळाली, पण कारणच मिळालं नाही, अशी त्याची अवस्था होते. पात्राला एक काम द्या आणि ते आजच का करायचं तेही द्या.

या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. वाचक मृणाल आहे. ती मुंबईहून आजोळी आली आहे. उद्या सकाळी अकरा वाजता तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात भाईमामा आजोबांच्या जमिनीचं खरेदीखत नोंदवणार आहेत. आजोबांचं मृत्युपत्र खाडीपलीकडे गंगाआजीच्या पेटीत आहे, असं मृणालने आजच ऐकलं. रात्रीचे आठ वाजले आहेत आणि शेवटची होडी गेली. गाव कल्पित आहे, खाडी मालवण बाजूच्या खाड्यांसारखी.

सुरू करण्याआधी वाचकाला सरळ विचारा: गोष्टीत काय नको? किनाऱ्यावर हा प्रश्न उपचाराचा नाही. एखाद्याच्या घरातलं माणूस समुद्रात गेलेलं असतं, आणि तुम्ही सहज म्हणून बुडण्याचा प्रसंग रंगवता. जमिनीच्या भाऊबंदकीचंही तसंच आहे. वाचकाच्या घरात खटला चालू असेल तर माझं हे उदाहरण त्याच्यासाठी वापरू नका, निकड दुसरी शोधा. गावातलं खरं देवस्थान आणि खरी माणसंही बाहेर ठेवा.

२. घटना लिहू नका, माणसं लिहा

नवीन निवेदक आधी कथानक लिहून ठेवतो: मृणाल होडी मिळवेल, मग खाडीत नाव अडकेल, मग गंगाआजी भेटेल. वाचकाच्या पहिल्याच वाक्याला हे सगळं कोसळतं. मग निवेदक तिला ढकलत ढकलत पुन्हा होडीकडे आणतो. रस्त्यावर झाड पडलेलं असतं, फोनला रेंज नसते, शेजारी झोपलेले असतात. दोन-तीन वेळा असं झालं की वाचकाला कळतं, आपण काहीही लिहिलं तरी होडीतच बसायचं आहे. मग तो मनापासून लिहीत नाही. त्याच्या ओळी आखूड होऊ लागल्या आणि "बरं, मग पुढे?" अशी उत्तरं यायला लागली, की हेच घडतं आहे असं समजा.

त्याऐवजी चार माणसं लिहा. प्रत्येकाच्या चार गोष्टी: त्याला काय हवं, कशाची भीती, काय माहीत आहे, आणि गोष्ट सुरू होते तेव्हा तो कुठे आहे.

भाईमामांना उद्या सही व्हायला हवी, कारण त्यांच्या डोक्यावर कर्ज आहे. त्याआधी गावात बोभाटा होण्याची त्यांना भीती आहे. मृणाल आली आहे हे त्यांना ठाऊक आहे, मृत्युपत्राचं ठाऊक नाही. ते घरी जेवत आहेत.

होडीवाल्या पांडुरंगला झोपायचं आहे. त्याच्या होडीच्या दुरुस्तीचे पैसे भाईमामांनी दिले होते, ते फिटलेले नाहीत, म्हणून त्यांना दुखवायची भीती. होडी अलीकडच्या काठाला बांधलेली आहे आणि तो जेटीजवळच्या खोपीत आहे.

गंगाआजीला तो कागद आजोबांच्या नातीच्याच हातात द्यायचा आहे. रात्री दार ठोठावणाऱ्या कोणाचाही तिला भरवसा वाटत नाही. ती पलीकडे आपल्या घरी आहे.

देवळाच्या गुरवाला गावात शांतता हवी. आजोबांनी मृत्युपत्र केलं तेव्हा साक्षीदार म्हणून त्याने सही केली होती, पण आपणहून बोलून भाईमामांशी वैर घ्यायची त्याची तयारी नाही. तो देवळामागच्या घरात आहे.

बघा, सत्य एकाच ठिकाणी लपवलेलं नाही. कागद गंगाआजीकडे आहे, तो झाल्याचं गुरवाला माहीत आहे, आणि भाईमामांच्या घाईतूनही संशय येतो. महत्त्वाच्या गोष्टीपर्यंत पोहोचायला किमान तीन वाटा ठेवा. वाचक त्यातल्या दोन चुकवेल, हे धरूनच चला.

३. गोष्टीला भरती-ओहोटीचं घड्याळ लावा

मोकळ्या कृतींच्या गोष्टीत ताण टिकवायला काहीतरी हवं, जे वाचकाने काहीही केलं तरी पुढे सरकत राहतं. किनाऱ्यावर ते आयतं मिळतं.

भरतीची ढोबळ वेळ तिथीवरून काढता येते. तिथीच्या आकड्याचा पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. तृतीयेला तीनाचा पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमाराला पाणी पूर्ण भरतं. तिथून साधारण सव्वासहा तासांनी, रात्री साडेआठला, पूर्ण ओहोटी. पुढची भरती पहाटे पावणेतीनच्या आसपास. खाडीत आत जावं तसं हे आणखी उशिरा होतं, आणि खऱ्या होडीने जायचं असेल तर हा हिशेब पुरेसा नाही. गोष्टीसाठी तो छान चालतो.

तिथी निवडताना एक गोष्ट सांभाळा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, त्यामुळे ओहोटीला पाणी खूप मागे जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अष्टमीच्या रात्री खाडी चालत पार करता येते असं लिहिलंत, तर किनाऱ्यावरचा वाचक तिथेच गोष्टीतून बाहेर पडेल.

मी वद्य तृतीया घेतली, दिवाळीनंतरची. संकष्टीची आदली रात्र. आठ वाजता अंधार आहे आणि पाणी जवळजवळ तळाला गेलं आहे. चंद्र साडेसात-आठच्या दरम्यान उगवेल, पण डोंगरावर येऊन त्याचा उजेड खाडीवर पडायला साडेआठ-नऊ होतील, आणि तोवर पाणी पुन्हा चढायला लागलेलं असेल. म्हणजे चालत जायला पाणी अनुकूल असतं तेव्हा दिसत नाही, आणि दिसायला लागतं तेव्हा पाणी वाढत असतं. हे मी वहीच्या एका पानावर तासाप्रमाणे लिहून ठेवलं: आठ, नऊ, दहा, बारा, पावणेतीन. वाचकाच्या प्रत्येक कृतीला किती वेळ लागला तो त्यातून वजा करत जायचं.

४. पहिला संदेश: दिसणारं, ऐकू येणारं, आणि थांबा

शंभर-सव्वाशे शब्द पुरेत. त्याहून लांब झालं की वाचक श्रोता होतो. उदाहरणार्थ:

"तू मागच्या पडवीत उभी आहेस. आत भाईमामांच्या ताटाचा आवाज येतोय. आगरापलीकडे खाडी आहे, पण पाण्याचा आवाज नाही, नुसता चिखलाचा वास. जेटीवर पांडुरंगच्या खोपीत दिवा आहे, त्याची होडी ओहोटीने कलंडून चिखलात बसली आहे. पलीकडच्या काठावर एकच उजेड दिसतो. गंगाआजीचं घर तेच. देवळाकडून पायवाट खाली उतरते. मामी आतून विचारतात, 'मृणाल, भात वाढू का गो?'"

इथे थांबायचं. शेवटच्या वाक्यात कोणीतरी काहीतरी मागतं आहे, त्यामुळे वाचकाला गप्प बसता येत नाही, पण काय करायचं ते तुम्ही सुचवलेलं नाही. "तू होडीकडे जाशील, की चालत, की पुलावरून?" असं विचारलंत की वाचक त्या तिनांतलं एक निवडतो आणि चौथं सुचायचं थांबतं. जागा, वस्तू, माणसं दाखवा, आणि त्यातल्या एक-दोन अशा ठेवा की त्यांचा उपयोग तुम्हालाही माहीत नाही.

५. अनपेक्षित कृतीला तीन प्रश्न विचारा

या संदेशाला उत्तर आलं: "मी मामींना पोट भरलंय म्हणते, पायवाटेने देवळात जाते आणि घंटा बडवायला लागते. थांबतच नाही."

मी याचा विचारही केला नव्हता. अशा वेळी उत्तर लगेच लिहू नका. वहीत तीन प्रश्नांची उत्तरं काढा.

*हे शक्य आहे का?* घंटा आहे, मंडप उघडा आहे, ती धडधाकट आहे. शक्य आहे. इथे "घंटेला दोरीच नव्हती" असं लिहिणं म्हणजे वाचकाची कल्पना मारणं. अशक्य फक्त तेच, जे या जगात खरंच होत नाही. आणि तेव्हाही नुसतं नाही म्हणू नका, प्रयत्न केल्यावर काय दिसतं ते सांगा.

*हे कोणाला कळतं, आणि त्याला काय हवं आहे?* रात्री अवेळी घंटा वाजली की सगळं गाव ऐकतं. गुरव बॅटरी घेऊन धावत येईल. वाडीतली माणसं येतील, आग लागली की साप चावला ते बघायला. पांडुरंग उठेल. भाईमामा हात धुऊन येतील, आणि चारचौघांत त्यांचा आवाज शांत असेल, कारण त्यांना बोभाटा नको आहे. माणसं आधी लिहिलेली असल्याचा उपयोग इथे कळतो. मला काही रचावं लागलं नाही, प्रत्येकजण स्वतःच चालत आला.

*याची किंमत काय?* गुपचूप जाण्याची संधी गेली. आणि तासभर गेला: पाणी चढू लागलं, चंद्र वर आला.

उत्तर असं झालं:

"सातव्या-आठव्या टोल्याला गुरव येतो, धोतर सावरत. 'कोण गो? काय झाला?' त्याच्या बॅटरीचा झोत तुझ्या तोंडावर. मागोमाग वाडी जमते, कोणी काठी घेऊन, कोणी पाण्याची बादली घेऊन. पांडुरंग डोळे चोळत येतो. भाईमामा सगळ्यांत शेवटी येतात. ते हसतात, तुझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि लोकांना म्हणतात, 'प्रवासाने दमली आहे पोर.' खाडीवर चांदणं पडलंय. पांडुरंगची होडी अजून कलंडलेलीच आहे, पण पाणी तिच्याकडे परत यायला लागलं आहे."

मृणालला राग आला, ती घाबरली, ती ओशाळली, यातलं काहीही मी लिहिलेलं नाही. तिचं मन वाचकाचं आहे. जगात काय घडलं ते तुमचं, तिला काय वाटलं आणि तिने काय केलं ते त्याचं. ही रेघ निवेदक सर्वांत जास्त वेळा ओलांडतात, आणि बहुतेकदा चांगलं वाक्य सुचलं म्हणून ओलांडतात. "तुझ्या अंगावर काटा आला" हे वाक्य खोडा आणि काटा यावा असं काहीतरी दाखवा.

६. फासे फक्त शंकेच्या वेळी

पुढचं उत्तर होतं: "मी मामांचा हात बाजूला करते. सगळ्यांसमोर विचारते, उद्या कसली सही आहे? आणि पांडुरंगला म्हणते, मला आत्ता पलीकडे सोड."

पहिल्या भागाला फासे नकोत. भाईमामांना बोभाट्याचीच भीती आहे, म्हणजे ते चुळबुळतील आणि "घरी बोलू" म्हणतील. हे माणसावरून ठरतं. दुसऱ्या भागात खरी शंका आहे. पांडुरंग ऋणात आहे, पण अख्ख्या वाडीदेखत एका मुलीला नाही म्हणणंही सोपं नाही. दोन्हीकडे वजन सारखं वाटतं आणि दोन्ही निकाल गोष्टीला चालतात, तेव्हाच फासे टाका. एखादा निकाल तुम्हाला चालणारच नसेल तर फाशांना विचारू नका.

दोन फासे टाका आणि बेरीज करा. दहा किंवा जास्त आली तर वाचकाला हवं ते होतं. सात ते नऊ आली तर होतं, पण काहीतरी चिकटून येतं. सहा किंवा कमी आली तर होत नाही, आणि परिस्थिती बदलते. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी पहिल्या निकालाच्या ६ आहेत, बाकीच्या दोघांच्या १५-१५. पात्राच्या बाजूने ठोस काही असेल तर बेरजेत एक मिळवा. तेवढ्याने पूर्ण यशाच्या शक्यता १० होतात आणि अपयशाच्या १५ वरून १० वर येतात. इथे सगळी वाडी बघते आहे, म्हणून मी एक मिळवला.

फाशांवर सात आले, एक मिळवून आठ. पांडुरंग तयार होतो, पण त्याला भाईमामांचं तोंडही राखायचं आहे: "सोडतंय, पण तुमचो झील येऊंदे वांगडा." आता होडीत मामेभाऊ आहे. गंगाआजी तर अनोळखी माणसाला दार उघडत नाही. पुढचा प्रसंग असा आपोआप उभा राहिला.

"होत नाही" या निकालात गोष्ट जागच्या जागी थांबू देऊ नका. पांडुरंगने नकार दिला असता तर गुरवाची नजर खाली गेली असती, आणि याला काहीतरी माहीत आहे हे मृणालला दिसलं असतं. एक दार लागलं की दुसरं किलकिलं झालं पाहिजे.

७. प्रत्येक फेरीनंतर दोन ओळींची नोंद

वही इथे कामी येते. एका ओळीत वेळ आणि पाण्याची स्थिती, दुसऱ्या ओळीत काय पक्कं झालं. "९:१५, पाणी चढतंय. सहीचा प्रश्न वाडीने ऐकला. होडीत मामेभाऊ." एकदा वाचकासमोर सांगितलेली गोष्ट बदलायची नाही. पण न सांगितलेली कधीही बदला. मृत्युपत्र पेटीत आहे हे मृणालने नुसतं ऐकलं आहे, वाचकाने ते अजून पाहिलेलं नाही. गुरवाच्या वाटेने गोष्ट जास्त चांगली जात असेल तर ते त्याच्याकडे असू शकतं. मर्यादा एवढीच: वाचकाने विचार करून काढलेला खरा अंदाज खोटा पाडण्यासाठी सत्य हलवायचं नाही. त्याने ओळखलं असेल तर ते त्याचं आहे.

वाचक कधीकधी पेचातून सुटण्यासाठी जगाबाहेर उडी मारतो. "मी देवाला कौल लावते, कागद कुठे आहे?" असं लिहितो. इथे देवाच्या तोंडून उत्तर देऊ नका, आणि थट्टाही करू नका. कौल लावताना समोर गुरव बसलेला असतो. प्रश्न ऐकून त्याचा हात थबकला, एवढं सांगितलं की वाचकाला उत्तराची दिशा मिळते आणि श्रद्धेच्या गोष्टीवर तुम्हाला निकाल द्यावा लागत नाही.

८. शेवट कधी करायचा

सुरुवातीला दिलेली निकड मिटली की गोष्ट संपली. मृणालला कागद मिळाला, किंवा सकाळचे अकरा वाजले, किंवा तिने मामांशी तडजोड केली, तिन्ही शेवट खरे आहेत. निवेदकाला एखादा न वापरलेला प्रसंग आवडता असतो आणि त्यासाठी तो गोष्ट ताणतो. तो प्रसंग वहीत राहू द्या.

शेवटच्या फेरीआधी वाचकाला कळू द्या की ही शेवटची आहे: "उजाडलंय. कार्यालयाची पायरी समोर आहे. तुझं शेवटचं पाऊल काय?" त्याचं उत्तर आल्यावर प्रत्येक माणसाचं काय झालं ते एकेका वाक्यात सांगा, पांडुरंगच्या कर्जासकट. मृणालचं वाक्य मात्र वाचकाला लिहू द्या.